नववर्ष सवलत: नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून आमच्या मदत-कक्षाकडे जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. किमतीचे प्रश्न थोडक्यात आटोपले आहेत. वेळेच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण पैसे परत मागणाऱ्यांपैकी बहुतेकजण कोर्स आवडला नाही असं म्हणत नाहीत, "वेळच झाला नाही" असं म्हणतात.

सवलत किती आहे आणि कधीपर्यंत?

एक सुटा कोर्स १,७७० रुपयांऐवजी १,१८० रुपयांना, आणि वर्षाचं सभासदत्व ७,०८० ऐवजी ४,७२० रुपयांना. दोन्ही किमतींत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. पैसे भरायच्या पानावर यात एक रुपयाचीही भर पडणार नाही. १५ जानेवारीच्या मध्यरात्री सवलत संपते.

मूळ किंमत आधी फुगवून मग खाली आणली नाही ना?

शंका रास्त आहे. खोडलेली किंमत ही आम्ही नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष घेत होतो ती आहे. जुनी पावती असेल तर ताडून पाहा.

आमच्या पानावर उलटं मोजणारं घड्याळ नाही, "फक्त ३ जागा शिल्लक" अशी पाटीही नाही. रेकॉर्ड केलेल्या कोर्सच्या जागा संपायच्या कशा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ग्राहकाला फसवायचे १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक प्रकार, आणि न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात टाकणं हा दुसरा. कुठल्याही ऑनलाइन दुकानात असं काही दिसलं, आमच्याकडेसुद्धा, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

सुटा कोर्स घ्यावा की वर्षाचं सभासदत्व?

नोकरी करणाऱ्या बहुतेकांना सुटा कोर्स परवडतो. आमच्या विक्री विभागाला हे वाक्य फारसं आवडलेलं नाही, पण हिशेब सोपा आहे. सभासदत्वाच्या किमतीत बरोबर चार सुटे कोर्स येतात, म्हणजे वर्षात पाच कोर्स पुरे करणार असाल तरच सभासदत्वात फायदा. वर्षात किती होतील, हे पुढच्या उत्तरातल्या पद्धतीने मोजा. अंदाजाने ठरवू नका, जानेवारीतला अंदाज नेहमीच सढळ असतो.

आणखी एक फरक आहे. सुटा कोर्स आमच्याकडे चालू आहे तोवर तुमच्या खात्यात राहतो. ३६५ दिवसांनी सभासदत्व संपलं की सगळे कोर्स बंद होतात, फोनवर उतरवून ठेवलेले व्हिडिओसुद्धा.

"९ तासांचा कोर्स" म्हणजे मला नेमका किती वेळ लागेल?

व्हिडिओचे तास आणि शिकण्याचे तास एक नव्हेत. एक्सेल आणि पॉवर बीआयचा आमचा कोर्स घ्या, जानेवारीत सर्वाधिक जातो तोच. त्यात ९ तासांचे व्हिडिओ आहेत. त्यांपैकी ३ तास नुसते ऐकण्यासारखे आहेत: कल्पना काय आहे, कशासाठी वापरायची, कुठे वापरू नये. उरलेले ६ तास हाताने करायचे आहेत. शिक्षक पडद्यावर करून दाखवतात, तुम्ही थांबवायचं, आपल्या फाइलवर तेच करायचं, चुकलं तर मागे जायचं. म्हणून या ६ तासांचे सरासरी १२ होतात. ऐकायचे ३ तास दीडपट वेगाने लावले तर २ तासांत उरकतात, पण हाताने करायच्या भागाचा वेग वाढवून काहीच वाचत नाही. शिक्षकाचा माउस पळतो, तुमचा नाही. त्यानंतर स्वतःच्या ऑफिसचा एखादा खरा रिपोर्ट नव्या पद्धतीने बसवायला ६ तास धरा. एकूण २० तास झाले.

आता हे २० तास कुठून आणायचे ते बघू. समजा, एक बाई डोंबिवलीत राहतात आणि फोर्टमधल्या कंपनीत अकाउंट्स पाहतात. दर महिन्याला सहा शाखांच्या सहा फाइली येतात. त्या एकाखाली एक चिकटवून विक्रीचा गोषवारा करायला त्यांचा अख्खा दिवस जातो. तेवढ्यासाठीच त्यांना हा कोर्स हवा आहे.

सकाळच्या लोकलमध्ये फोन काढायलाही जागा नसते, त्यामुळे तो वेळ धरायचा नाही. संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटते, बसायला मिळतं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास ऐकता येईल. लॅपटॉप उघडायला रविवार सकाळचा दीड तास आहे. बेरीज आठवड्याला अडीच तास, म्हणजे २० तासांना आठ आठवडे, असं वाटतं.

इथेच गणित फसतं. ट्रेनमधला वेळ फक्त ऐकायच्या २ तासांना उपयोगी आहे, तो दोन आठवड्यांत संपतो. उरलेले १८ तास लॅपटॉपसमोरचे आहेत आणि लॅपटॉप फक्त रविवारी, दीड तास. म्हणजे १२ रविवार. आठ आठवड्यांचा कोर्स झाला तीन महिन्यांचा.

म्हणून तुमचा वेळ मोजताना आठवड्याचे एकूण तास मोजू नका, लॅपटॉपसमोरचे सलग तास मोजा. प्रत्येक कोर्सच्या पानावर 'ऐका' आणि 'हाताने करा' असे तास आम्ही वेगळे दिले आहेत. 'हाताने करा'चे तास दुप्पट करा, सरावाचे मिळवा आणि तुमच्या आठवड्याच्या लॅपटॉप-तासांनी भागा.

हाच हिशेब वर्षावर ताणून बघा. सणवार, लग्नं, आजारपण आणि क्लोजिंग वगळून या बाईंच्या हाती वर्षात ३६ रविवार लागले तर ५४ तास होतात. १८ तासांचा एक, असे तीन कोर्स. तीन सुट्या कोर्सचे ३,५४० रुपये, सभासदत्वाचे ४,७२०. त्यांनी सुटाच घ्यावा.

मग प्रवासात बघून काही उपयोग नाही का?

आहे, पण क्रम पाळला तर. मंगळवारी ट्रेनमध्ये चार धडे पुढे जाऊन रविवारी लॅपटॉप उघडला, तर त्यातला एकही हाताशी येत नाही, पुन्हा बघावा लागतो. या रविवारी जो धडा करणार आहात, तेवढाच शुक्रवारी संध्याकाळी बघा.

व्हिडिओ घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. वाटेत नेट गेलं तरी चालू राहतात. फोनवर जागा कमी असेल तर कमी दर्जाचा व्हिडिओ उतरवू नका, त्यात एक्सेलच्या चौकटीतले आकडे वाचताच येत नाहीत. त्यापेक्षा दोनच धडे उतरवा.

जानेवारी ते मार्च मला श्वास घ्यायला फुरसत नसते. आत्ता घेऊन एप्रिलमध्ये सुरू केलं तर?

खुशाल करा. नववर्षाची सवलत आपल्याकडे जरा चुकीच्याच वेळी येते. कॅलेंडरचं वर्ष सुरू होतं तेव्हा हिशेबाचं वर्ष संपत आलेलं असतं. अकाउंट्सवाल्यांना ३१ जानेवारीला तिसऱ्या तिमाहीचं टीडीएसचं विवरणपत्र असतं, दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी असतो, आणि मार्च तर विचारूच नका. बँका, विमा, विक्री, सगळीकडे तीच गत.

पैसे भरताना 'सुरुवातीची तारीख' असा रकाना दिसेल. त्यात ३० एप्रिलपर्यंतची कुठलीही तारीख टाकता येते. सभासदत्वाचे ३६५ दिवस आणि पैसे परत मागायची मुदत, दोन्ही त्या तारखेपासून मोजले जातात. रकाना कोरा सोडला तर मात्र भरणा केला त्याच दिवसापासून. हा रकाना पानावर थोडा खाली आहे आणि बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. तो वर घ्यायचं काम चालू आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कोर्सचे दोन तुकडे करणं. वरच्या उदाहरणातल्या बाईंना संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, एखादं लग्न आणि टीडीएसचा रविवार वगळून फेब्रुवारीअखेर पाच रविवार मिळतील. तेवढ्यात पॉवर क्वेरीचे, म्हणजे फाइली जोडणाऱ्या एक्सेलमधल्या सोयीचे, पहिले चार भाग होतात, आणि सहा फाइली जोडायचं काम नेमकं त्याच चार भागांत आहे. मार्चचा रिपोर्ट त्या नव्या पद्धतीने काढू शकतील. पॉवर बीआयचे आलेख आणि डॅशबोर्ड एप्रिलच्या मध्यावर घेतले तरी काही अडत नाही. कोर्स ओळीनेच संपवला पाहिजे असा नियम नाही, कुठला भाग कशावर अवलंबून आहे ते प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लिहिलं आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का?

पैसे भरण्याआधी ही तीन गोष्टींची तपासणी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक्सेल उघडा, `Data` टॅबवर जा आणि डावीकडे `Get Data` दिसतं का बघा. एक्सेल २०१६ आणि त्यापुढच्या विंडोज आवृत्तींत पॉवर क्वेरी आतच असते. मॅकवर ती अपुरी आहे, आमचे काही धडे तिथे जमणार नाहीत.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर नवं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी बहुधा आयटी विभागाकडे असते. त्यांना आधी मेल टाका, कारण उत्तर यायला कधी कधी कोर्सपेक्षा जास्त वेळ लागतो.

तिसरी अडचण शेवटच्या भागात कळते आणि माणूस वैतागतो. तयार डॅशबोर्ड ऑनलाइन टाकण्यासाठी ऑफिसचा किंवा संस्थेचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. ऑफिसच्या ईमेलवर परवानगी नसेल तर तो एक धडा नुसता बघून सोडा, बाकी सगळं आपल्या मशीनवर होतं.

सराव ऑफिसच्या फाइलवर करा, पण आम्हाला शंका विचारताना ती फाइल पाठवू नका. ग्राहकांची नावं आणि रकमा बदलून दहा ओळींचा नमुना पाठवला तरी पुरतो.

रात्री अकराला अडलो तर कोण सांगणार?

रात्री अकराला कोणी नाही. शंका लिहून ठेवा, कामाच्या दिवशी २४ तासांत उत्तर येतं, रविवारची शंका सोमवारी सुटते. म्हणूनच सर्वांत जास्त वेळा येणारी अडचण इथेच सोडवून देतो.

सहा शाखांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून `Data` → `Get Data` → `From File` → `From Folder` असं जाऊन `Combine` निवडलं की त्या जोडल्या जातात. पहिल्या महिन्यात सुरेख चालतं. दुसऱ्या महिन्यात नव्या फाइली टाकून `Refresh` दाबलं की हे येतं:

```
Expression.Error: The column 'Amount' of the table wasn't found.
```

तुमचं काही चुकलेलं नसतं. एखाद्या शाखेने रकान्याचं नाव बदललेलं असतं, `Amount`च्या जागी `Amt` केलेलं असतं, किंवा नावाच्या शेवटी एक स्पेस पडलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. सगळ्या फाइली फोल्डरबाहेर काढा आणि एका वेळी एकच फाइल आत ठेवून `Refresh` करा. ज्या फाइलीला गाडी अडते, तिची पहिली ओळ बघा. नाव दुरुस्त केलं की चालू. कायमचा उपाय म्हणजे शाखांना एकच नमुना फाइल देणं आणि शीर्षकाची ओळ लॉक करणं. ते कसं, हे चौथ्या भागात आहे. शाखा ऐकतात का, हा वेगळा विषय.

कंपनी फी देणार आहे. बिल कंपनीच्या नावाने मिळेल का?

मिळेल, पण भरणा करतानाच कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक टाका. १,१८० रुपयांच्या बिलात १,००० रुपये फी आणि १८० रुपये कर असतो. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असेल तर कंपनीला त्या १८० रुपयांचं क्रेडिट घेण्याचा दावा करता येतो. तुमच्या नावाचं बिल दिलं तर नाही, आणि मग लेखा विभाग फाइल परत पाठवतो. टाकायचं राहून गेलं असेल तर पुढच्या महिन्याच्या ८ तारखेच्या आत कळवा. ११ तारखेला आमचं विवरणपत्र जातं, त्यानंतर बदल करणं जिकिरीचं होतं.

एचआर गुंतवणुकीचे पुरावे मागतंय. ही पावती ८०सी मध्ये चालेल?

नाही. जुन्या करप्रणालीत शिक्षणाच्या फीवर मिळणारी ती वजावट मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीसाठी आहे, तीही दोन मुलांपर्यंत. स्वतःच्या ऑनलाइन कोर्सची फी त्यात बसत नाही.

पुढच्या वर्षी पैसे आपोआप कापले जातील का?

सुट्या कोर्सचा प्रश्नच नाही, तो एकदाच घ्यायचा. सभासदत्वात 'आपोआप नूतनीकरण' ही खूण आम्ही मुद्दाम बंद ठेवली आहे. तुम्ही स्वतः चालू केली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नूतनीकरण मूळ किमतीला होतं, म्हणजे ७,०८० रुपयांना, सवलतीच्या दराने नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा सभासदत्वाच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या ठरलेल्या कपातीला पहिली मंजुरी दिल्यावर पुन्हा ओटीपी लागत नाही. किमान २४ तास आधी सूचना येते, तेवढीच. वर्षभराने येणारी ती सूचना एसएमएसच्या ढिगात सहज हरवते. यूपीआयने भरलं असेल तर ॲपमध्ये `Autopay` या नावाखाली ही मंजुरी दिसते आणि तिथून कधीही रद्द करता येते. त्यासाठी आम्हाला विचारायची गरज नाही.

'नो कॉस्ट' हप्त्यांवर खरंच खर्च नाही?

थोडा असतो. व्याजाइतकी सूट आम्ही किमतीत देतो, पण बँक व्याज लावते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते. शिवाय अनेक बँका प्रक्रिया शुल्क लावतात. १,१८० रुपयांसाठी हप्ते करण्यात अर्थ नाही, सभासदत्वासाठी करायचेच असतील तर आधी बँकेचं शुल्क बघून घ्या.

कोर्स जमला नाही तर पैसे परत?

सुरुवातीच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत आणि कोर्सचा पाव हिश्शापेक्षा कमी भाग बघितला असेल तर पूर्ण रक्कम, करासकट. नुसता उतरवून ठेवलेला व्हिडिओ बघितला असं धरत नाही, चालवलेला धरतो. कारण लिहायची सक्ती नाही. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने जातात. कार्डावर जमा व्हायला साधारण आठवडा लागतो.

१४ दिवसांत दोनच रविवार येतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून पहिल्या रविवारी प्रस्तावना सोडून थेट दुसऱ्या भागातला फोल्डर जोडायचा धडा करा. तो जमला आणि उपयोगाचा वाटला तर कोर्स ठेवा.

प्रमाणपत्राला किंमत किती?

कोर्स पूर्ण केल्याचं ते प्रमाणपत्र आहे, पदवी किंवा पदविका नाही. मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआयची पीएल-३०० परीक्षा वेगळी असते, तिची फी वेगळी, आणि १,००० पैकी ७०० गुण लागतात. आमचा कोर्स त्या परीक्षेचा पूर्ण अभ्यासक्रम घेत नाही. एप्रिलच्या मूल्यमापनात दाखवायचं असेल तर प्रमाणपत्रापेक्षा 'पूर्वी एक दिवस लागायचा, आता वीस मिनिटं लागतात' असा स्वतःचा रिपोर्ट पुढे ठेवा. साहेबांना तो चटकन कळतो.

मराठीतून शिकून ऑफिसात अडचण येणार नाही ना?

समजावणं मराठीत आहे, पडद्यावरचे मेनू आणि चुकांचे संदेश इंग्रजीतच ठेवले आहेत, कारण ऑफिसात तेच दिसणार.

नवराबायकोने एकच खातं वापरलं तर चालेल?

सुटा कोर्स दोन उपकरणांवर चालतो, त्यामुळे कोणी अडवणार नाही. पण प्रगतीची नोंद एकच राहते. एकाने सातवा धडा बघितला की दुसऱ्याचा तिसरा धडा कुठे होता ते सापडत नाही, प्रमाणपत्रही एकाच नावाचं निघतं, आणि पैसे परत मागताना दोघांनी बघितलेलं एकत्र मोजलं जातं.